पॉवर विंडोचा फ्यूज वारंवार उडतो तेव्हा: जाम मोटर, घासलेली वायर की चुकीच्या क्षमतेचा फ्यूज

गाडीच्या काचेचा फ्यूज एकदा उडाला तर तो बदलून पुढे जाणे चालते, पण नवा फ्यूज त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात पुन्हा उडाला, तर त्या सर्किटमध्ये दोष आहे हे निश्चित मानावे. अशा वेळी मोटर बदलून पाहणे किंवा थोडा मोठा फ्यूज बसवणे, हे दोन उपाय सर्रास केले जातात. पहिल्यात बहुतेकदा चांगली मोटर फुकट जाते आणि दुसऱ्यात दोष तसाच राहून वायर तापू लागते. प्रत्यक्षात जाम झालेली मोटर, घासलेली वायर आणि चुकीच्या क्षमतेचा फ्यूज ही तिन्ही कारणे वेगवेगळी ओळखता येतात. त्यासाठी एक जुना बल्ब, एक जळालेला फ्यूज आणि थोडी सबुरी एवढे पुरेसे असते.

येथील वर्णन ज्या गाड्यांमध्ये दारावरच्या स्विचमधून मोटरला थेट प्रवाह जातो, त्या साध्या रचनेला लागू होते. ज्या गाड्यांत दारात इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते आणि स्विच केवळ त्याला संदेश देतो, तेथे खाली दिलेली बल्बची चाचणी दिशाभूल करू शकते. तेथे निदान यंत्राने दोषाचे कोड वाचणे अधिक योग्य.

फ्यूज किती वेळाने उडतो, हे आधी पाहावे

स्विच दाबताक्षणी फ्यूज उडतो की काच काही सेकंद अडखळून मग उडतो, या एका निरीक्षणाने निम्मे निदान होते, आणि बहुतेक लोक नेमके हेच नोंदवत नाहीत.

फ्यूजवर 20 लिहिले असेल, तर तो 20 अँपिअरला लगेच उडत नाही. ब्लेड पद्धतीचा फ्यूज त्याच्या क्षमतेपेक्षा दहा टक्के अधिक प्रवाह तासन्‌तास सहन करतो. सुमारे 35 टक्के अधिक प्रवाहाला तो उडण्यासाठी कित्येक सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ घेऊ शकतो, आणि दुप्पट प्रवाहाला साधारण पाच सेकंदांच्या आत उडतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फ्यूज उडावा, यासाठी प्रवाह क्षमतेच्या कितीतरी पट असावा लागतो.

आता मोटरचा विचार करावा. खिडकीची मोटर मोकळेपणाने फिरत असताना सर्वसाधारणपणे 4 ते 8 अँपिअर घेते. फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण करत असल्यामुळे तिचा प्रवाह आटोक्यात राहतो. ती अडली की हा उलट दाब नाहीसा होतो आणि प्रवाहाला अडवायला केवळ तिच्या गुंडाळीचा आणि वायरचा रोध उरतो. हा एकूण रोध 0.6 ओहम धरला, तर 12 व्होल्टला 20 अँपिअर प्रवाह होतो. म्हणजे पूर्ण जाम झालेली मोटरसुद्धा 20 अँपिअरच्या फ्यूजला त्याच्या सीमेवरच आणून ठेवते. शिवाय अनेक मोटरींमध्ये तापमानावर चालणारे संरक्षण आतच बसवलेले असते. ते आधी सुटते, काच थांबते आणि एक-दोन मिनिटांनी पुन्हा चालू लागते. फ्यूज मात्र शाबूत असतो.

यावरून असे म्हणता येते की, काच जड जात, रखडत, आवाज करत काही सेकंदांनी फ्यूज उडत असेल, तर यांत्रिक अडथळ्याचा संशय धरावा. आणि बटणाला हात लावताच, काच हलण्याआधीच तो उडत असेल, तर प्रवाहाला मोटर टाळून बॉडीपर्यंत जाण्याची वाट मिळाली आहे असे समजावे. याला एक अपवाद आहे. मोटरच्या आतली गुंडाळीच शॉर्ट झाली असेल, तर तीही फ्यूज तत्काळ उडवते, पण तिला पुढच्या चाचणीत वेगळे काढता येते.

उडालेला फ्यूज टाकून देण्याआधी उजेडात धरून पाहावा. आतील धातूची पट्टी मध्यभागी वितळून स्वच्छ फट पडली असेल, तर तो सावकाश वाढलेल्या भाराने उडाला आहे. पट्टी जवळजवळ नाहीशी होऊन प्लास्टिकच्या आत काळी किंवा चंदेरी फवारणी झाल्यासारखी दिसत असेल, तर मोठ्या प्रवाहाने तो क्षणात उडाला आहे. तिसराही प्रकार आढळतो, तो म्हणजे पट्टी ठीकठाक पण पात्यांजवळचे प्लास्टिक वितळून पिवळे पडलेले. तेथे दोष फ्यूज बसतो त्या खोबणीचा असतो. तिची पकड सैल झालेली असते आणि खराब संपर्कामुळे तेथेच उष्णता निर्माण होते. अशा खोबणीत कितीही नवे फ्यूज घातले तरी ते टिकणार नाहीत.

बसवलेला फ्यूज योग्य क्षमतेचा आहे का

ही सर्वांत सोपी तपासणी असल्यामुळे ती लगेच उरकावी. फ्यूज पेटीच्या झाकणावरील किंवा मालकाच्या पुस्तिकेतील तक्ता पाहून त्या जागेसाठी किती अँपिअर सांगितले आहेत ते वाचावे आणि प्रत्यक्ष बसवलेल्या फ्यूजवरचा आकडा पडताळावा. या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 25 चा रंगहीन किंवा पांढरा आणि 30 चा हिरवा. पिवळ्याच्या जागी निळा दिसला, तर शोध तेथेच संपण्याची शक्यता आहे.

क्षमतेपेक्षा लहान फ्यूजची लक्षणे ठरावीक असतात. एक काच मधल्या टप्प्यात चालते तोवर काही होत नाही. पण काच वर टेकल्यावरही बटण दाबून धरले, किंवा एकाच फ्यूजवरच्या दोन-तीन काचा एकदम चालवल्या, की तो उडतो. एकेक काच सावकाश चालवली तर टिकतो आणि एकत्र चालवल्या तर उडतो, असे वागणे दिसले तर तक्ता पुन्हा एकदा नीट वाचावा. त्याच वेळी त्या फ्यूजवर नंतर कोणी एखादे जादा उपकरण जोडले आहे का, हेही पाहावे. फ्यूजच्या पात्याला गुंडाळलेली परकी वायर मला संशयास्पदच वाटते, मग ती कितीही नीटनेटकी असो.

मोठा फ्यूज मात्र उडत नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. फ्यूज मोटरसाठी नसून वायरसाठी असतो. वायर जेवढा प्रवाह न तापता नेऊ शकते, त्याच्या आत फ्यूजची क्षमता ठरवलेली असते. 20 च्या जागी 30 बसवला आणि वायरच्या एक-दोन तारा बॉडीला अर्धवट टेकून 25 अँपिअर वाहू लागले, तर तो फ्यूज तसाच राहील आणि दाराच्या आतील वायरचे आवरण मऊ होत जाईल. म्हणून पेटीत तक्त्यापेक्षा मोठा फ्यूज सापडला, तर हे सर्किट पूर्वीपासून फ्यूज उडवत होते आणि कोणीतरी ते दडपले, असे समजून तपास करावा.

फ्यूजच्या जागी बल्ब

दर चाचणीला एक फ्यूज जाळण्याऐवजी जळालेल्या फ्यूजच्या दोन पात्यांना वायर डाखून त्या ब्रेक लाइटच्या 12 व्होल्ट, 21 वॉटच्या बल्बला जोडाव्यात आणि हा फ्यूज त्याच्या जागी बसवावा. आता सर्किटमध्ये थेट शॉर्ट असला तरी बल्बमधून साधारण पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह टिकून राहणार नाही. बल्ब पूर्ण तेजाने पेटला, की पुढे प्रवाहाला जवळजवळ काहीच अडथळा नाही, असा त्याचा अर्थ होतो. बल्ब तापतो, म्हणून तो प्लास्टिक आणि कापडापासून दूर टांगून ठेवावा.

यात एक चकवा आहे. मोटर जोडलेली असताना बटण दाबले तर बल्ब चांगलाच पेटेल, कारण थांबलेल्या मोटरचा रोध बल्बच्या मानाने अगदी कमी असतो. तो शॉर्ट नव्हे. म्हणून चाचणी ठरावीक क्रमाने करावी.

प्रथम किल्ली चालू करून कोणतेही बटण न दाबता पाहावे. बल्ब पेटला, तर फ्यूजपासून स्विचपर्यंतची मुख्य वायर कोठेतरी बॉडीला लागली आहे. तो पेटला नाही, तर प्रत्येक दार सावकाश उघडावे आणि बंद करावे, व दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीला हलकेच पिळून पाहावे. दार विशिष्ट कोनात आल्यावर बल्ब चमकला, तर दोषाची जागा सापडली. दार प्रत्येक वेळी उघडताना या नळीतील वायर वाकतात आणि वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी वाकून त्यांचे आवरण तडकते. घासलेली वायर शोधायची तर पहिली नजर तेथेच टाकावी.

त्यानंतर संशयित दाराचे आतील पॅनेल काढून मोटरचा कनेक्टर सोडवावा आणि बटण दोन्ही दिशांना दाबावे. दाराच्या आत एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतील तर त्यांना हात लावू नये. मोटर सोडवलेली असताना बल्ब पेटण्याचे काहीच कारण नसते. तरीही तो पेटला, तर मोटर निर्दोष आहे आणि स्विच ते मोटर या टप्प्यातली वायर किंवा स्विच सदोष आहे. तो पेटला नाही आणि खरा फ्यूज घालून, मोटर जोडून बटण दाबताच तो तत्काळ उडू लागला, तर मोटर आतून शॉर्ट आहे.

येथे या रचनेतील एक बारकावा ध्यानात घ्यावा, कारण त्यामुळे अनेकांची फसगत होते. काचेच्या मोटरला दोन वायर असतात आणि बटण दाबलेले नसताना त्या दोन्ही स्विचमधून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या गाडीच्या बॉडीला, जोडलेल्या असतात. बटण वर केले की एका वायरला बॅटरीचा दाब मिळतो, खाली केले की दुसरीला. म्हणून यांपैकी एक वायर घासून बॉडीला लागली असेल, तर ती केवळ एकाच दिशेत फ्यूज उडवते. उलट दिशेला तीच वायर अर्थचे काम करत असते, मग बॉडीला लागल्याने काहीच बिघडत नाही. काच खाली जाते पण वर घेताना फ्यूज उडतो, असे ऐकले की ‘काच जड झाली, वजन पेलवत नाही’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो बरोबर असू शकतो, पण घासलेली वायरही हेच लक्षण दाखवते. दोहोंत फरक करणारी चाचणी म्हणजे मोटर सोडवून बटण दाबणे.

एक उदाहरण

चार दारांच्या एका गाडीत चालकाशेजारच्या खिडकीची काच वर घेताना फ्यूज उडत असे. तक्त्यात 20 अँपिअर लिहिलेले होते आणि पेटीत 30 चा हिरवा फ्यूज होता. तोही उडू लागल्यावर तपास सुरू झाला. उडालेल्या फ्यूजचा आतला भाग काळा पडलेला होता. मोटर बदलण्याचा सल्ला आधीच मिळालेला होता.

बल्ब बसवून किल्ली चालू केली, तर बल्ब विझलेलाच राहिला. म्हणजे मुख्य वायर ठीक होती. शेजारच्या दारातील मोटरचा कनेक्टर सोडवला आणि चालकाच्या बाजूच्या मुख्य स्विचवरून तीच काच वर घेण्याचे बटण दाबले, तसा बल्ब पूर्ण तेजाने पेटला. मोटर सुटलेली असूनही तो पेटला, त्यामुळे मोटरवरचा आरोप तेथेच निकालात निघाला. खाली घेण्याचे बटण दाबले, तर बल्ब विझलेला. मग शेजारच्या दारावरच्या स्वतःच्या स्विचने वर घेऊन पाहिले, तेव्हाही बल्ब पेटला नाही.

हा शेवटचा निकाल निर्णायक होता. मुख्य स्विचवरून शेजारची काच चालवताना प्रवाह चालकाच्या दारातून बाहेर पडतो, गाडीच्या आतून शेजारच्या दारात जातो आणि तेथील स्विच दाबलेला नसताना त्याच्या मिटलेल्या संपर्कातून मोटरकडे जातो. शेजारचा स्विच दाबला, की तो हा दुवा तोडून मोटरला थेट मुख्य वायरशी जोडतो. म्हणजे दोष शेजारच्या स्विचपासून मोटरपर्यंत असता, तर दोन्ही स्विचवरून बल्ब पेटला असता. तो एकाच स्विचवरून पेटला, तेव्हा दोष दोन स्विचांच्या मधल्या, ‘वर’ दिशेच्या वायरमध्येच असणार. शेजारच्या दाराचे पॅनेल उघडले असले, तरी बिघाड तेथे नव्हता.

चालकाच्या दाराची रबरी नळी बॉडीच्या बाजूने सोडवून मागे सरकवली, तेव्हा वाकण्याच्या जागी दोन वायरची आवरणे फाटलेली आढळली: एक ती ‘वर’ दिशेची वायर आणि तिच्या शेजारची अर्थची काळी वायर. दोहोंचे उघडे तांबे एकमेकांना टेकत होते. बटण दाबून ठेवून दार हलवले, की बल्ब मिणमिणत होता, यावरून हा स्पर्श कायमचा नव्हता हेही कळले. फ्यूज कधी उडे आणि कधी नाही, याचे कारण तेच होते.

अशा वायरवर चिकटपट्टी गुंडाळून नळी परत बसवू नये. वाकण्याच्या जागी ती काही महिन्यांत सरकते आणि आतील तुटत चाललेल्या तारा तशाच राहतात. खराब भाग कापून त्याच जाडीची, अनेक बारीक तारांची लवचिक वायर घालावी आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक दाराच्या आत आणि एक बॉडीच्या आत येतील एवढी तिची लांबी ठेवावी. शेजारशेजारच्या वायरचे जोड एकाच रेषेत येऊ देऊ नयेत. जोड दाबून करावेत आणि त्यावर आकसणारी नळी चढवावी. डाखलेला जोड कडक होतो आणि वाकणाऱ्या भागाजवळ असल्यास त्याच्या कडेलाच वायर तुटते.

दुरुस्तीनंतर 20 चा फ्यूज बसवला आणि डीसी क्लॅम्प मीटर मुख्य वायरभोवती लावून काच चालवून पाहिली. मधल्या टप्प्यात 6 अँपिअर आणि वरच्या टोकाजवळ सुमारे 9 अँपिअर दिसले. वरच्या टोकाला काचेच्या खाचेतील रबर कोरडे पडलेले होते. त्याने फ्यूज उडत नव्हता, पण मोटरला उगाच कष्ट पडत होते.

खरोखर जाम असेल तर

मोटर सोडवल्यावर बल्ब कोणत्याही बटणाने पेटत नाही, फ्यूज योग्य क्षमतेचा आहे आणि तरी तो काही सेकंदांनी उडतो, एवढे झाल्यावरच यांत्रिक भागाकडे वळावे. क्लॅम्प मीटर असल्यास काच पूर्ण प्रवासात चालवून प्रवाह कोठे वाढतो ते पाहावे. सबंध प्रवासात तो 12 ते 15 अँपिअर राहत असेल, तर मोटर किंवा रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली नेणारी यंत्रणा, जड झाली आहे. ठरावीक उंचीवरच उसळत असेल, तर त्या उंचीवर काच खाचेत तिरकी होत आहे किंवा केबलचा मार्गदर्शक तुकडा तुटला आहे. खाचेतील रबरावर सिलिकॉनचा फवारा द्यावा. खनिज तेल किंवा ग्रीस लावल्यास रबर फुगते आणि त्यावर धूळ बसून काच आणखी जड होते.

मोटर रेग्युलेटरपासून वेगळी करून एकटी चालवून पाहिल्यास दोष मोटरचा की यंत्रणेचा, हे स्पष्ट होते. मात्र त्याआधी काच दाराच्या चौकटीला पट्टीने पक्की बांधावी, कारण मोटर सुटताच ती खाली कोसळू शकते. कात्रीसारख्या हातांच्या रेग्युलेटरमध्ये ताणलेली स्प्रिंग असल्यास मोटर काढताना रेग्युलेटरचा हात जोरात आदळू शकतो, तेव्हा तो आधी जखडून घ्यावा.

वायपरच्या बाबतीत काय वेगळे

क्रम तोच राहतो, पण वायपरमध्ये खरी जाम यंत्रणा अधिक वेळा आढळते, कारण काचेखालच्या ज्या दोन खुंट्यांवर वायपरचे हात फिरतात, तेथे पाणी आणि धूळ सतत उतरत असते. मोटरची गती वायपरच्या हातांपर्यंत नेणाऱ्या लिंकेजचा दांडा मोटरच्या क्रँकवरून काढून मोटर एकटी चालवावी. फ्यूज टिकला, तर मोटर ठीक आहे. मग दोन्ही हात हाताने फिरवून कोणती खुंटी अडते ते पाहावे. पाती नुसती काचेपासून उचलून ही चाचणी होत नाही, कारण खुंटीतील घर्षण तसेच राहते. हे करताना बोटे लिंकेजपासून दूर ठेवावीत.

आणखी दोन लक्षणे वायपरपुरतीच आहेत. वायपर चालू असताना फ्यूज टिकतो पण बंद करताक्षणी उडतो, असे होत असेल तर लिंकेजला दोष देऊ नये. बंद केल्यावर पाती जागेवर नेऊन थांबवण्यासाठी मोटरमध्ये पार्किंगचा संपर्क असतो आणि तो मोटरच्या वायरला आधी बॅटरीशी व जागेवर पोहोचल्यावर अर्थशी जोडतो. हे दोन संपर्क झिजून किंवा आतील ग्रीस-धुळीने एकमेकांना टेकले, की बॅटरी सरळ अर्थला मिळते. दुसरे लक्षण असे की, काचेवर पाणी मारताना फ्यूज उडतो; बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप वायपरच्याच फ्यूजवर असतो. पंपाचा कनेक्टर काढून फ्यूज टिकला, तर वायपरची मोटर खोलण्याची गरज नाही.